पंख्याचे पैसे कधी फिटतात: दुकानदाराचे आठ महिने की नवऱ्याची साडेचार वर्षं?

"ताई, आम्ही ऐरोलीला वन बीएचकेमध्ये राहतो, मी, नवरा आणि सासूबाई. बेडरूमचा पंखा जळलाय. दुकानात साधा वन स्टार १६०० ला आहे आणि फाइव्ह स्टार बीएलडीसी, म्हणजे तो कमी वीज खाणारा रिमोटवाला, २९०० ला. दुकानदाराने कार्डाच्या मागे हिशोब करून दिला की वरचे १३०० रुपये आठ महिन्यांत सुटतात. नवऱ्याने घरी बिल हातात घेऊन हिशोब केला तर म्हणे साडेचार वर्षं. दोघांचे कागद आणि मे महिन्याचं बिल, सगळ्यांचे फोटो पाठवतेय. हॉलचा आणि किचनचा पंखा जुना आहे पण चालू आहे, तेही बदलून टाकू का? आणि बल्ब पण स्टारवाले घ्यायचे का? – ऐरोलीची सून"

दोन्ही कागद समोर ठेवून बसले आणि आधी हसूच आलं, कारण गुणाकार-भागाकारात दोघांचीही एक पैची चूक नाहीये. रीतही दोघांची एकच आहे, आणि ती बरोबर आहे. दोन पंख्यांच्या वॅटमधला फरक घ्यायचा, त्याला रोजचे तास आणि ३० दिवसांनी गुणायचं, हजाराने भागायचं की महिन्याला वाचलेले युनिट आले, त्याला युनिटच्या दराने गुणलं की रुपये आले, आणि जास्तीच्या किमतीला त्या रुपयांनी भागलं की महिने. एवढंच. मग एकाचे आठ महिने आणि एकाचे चौपन्न कसे, तर आत घातलेल्या आकड्यांमुळे, आणि हे तीन आकडे म्हणजे वॅट, तास आणि दर, यात दोघांनी आपापल्या सोयीने गडबड केलीये.

आधी दुकानदाराचं कार्ड. त्याने लिहिलंय ४५ वॅट, १२ तास, १० रुपये. ४५ कुठून आले, तर ७५ वजा ३०. आता ७५ वॅट हा तुझ्या जळलेल्या पंख्याचा आकडा आहे, जुन्या साध्या पंख्यांचा साधारण तेवढाच असतो. पण तू दुकानात ज्या दोन पंख्यांमध्ये निवड करतेयस त्यात तो ७५ वाला नाहीच आहे ना! १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं झालंय, त्यामुळे नवीन पंख्यात सगळ्यात खालचा जो आहे तो वन स्टार, आणि वन स्टार व्हायलासुद्धा पंख्याला एक परीक्षा पास व्हावी लागते.

ती परीक्षा समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पंख्याचा स्टार नुसत्या वॅटवर ठरत नाही, एका वॅटमध्ये तो किती हवा ढकलतो त्यावर ठरतो. लेबलवर एअर डिलिव्हरी म्हणून आकडा असतो, मिनिटाला किती घनमीटर हवा, आणि त्याच्याजवळ सर्व्हिस व्हॅल्यू असते, म्हणजे हवेचा आकडा भागिले वॅट. आपल्या घरातला नेहमीचा १२०० मिमीचा, म्हणजे ४८ इंची पंखा असेल तर सर्व्हिस व्हॅल्यू ४ ला वन स्टार सुरू होतो आणि ६ पासून पुढे फाइव्ह स्टार. मग २१० हवा देणारा वन स्टार पंखा जास्तीत जास्त किती वॅट खाईल, २१० भागिले ४, साडेबावन्न. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर हा भागाकार करायचा, हवेचा आकडा भागिले सर्व्हिस व्हॅल्यू, झाले वॅट, सेल्समनला विचारायची गरजच नाही. तुझ्या १६०० वाल्याचे ५२ धरू आणि बीएलडीसीचे ३०. म्हणजे फरक ४५ चा नाही, २२ चा. अर्ध्याहून कमी! दुकानदाराने नव्या पंख्याची तुलना भंगारात गेलेल्या पंख्याशी केली आणि पैसे मात्र नव्या पंख्याच्या किमतीतला फरक धरले, ही लबाडी म्हण की सवय म्हण, पण आठ महिने तिथूनच निघालेत.

आता नवऱ्याचा कागद. त्यांनी २२ वॅट बरोबर काढलेत (लेबल वाचून आलेत, कौतुक आहे), तास ८ धरलेत, ते ठीक, पण दर लावलाय साडेचार रुपये. मी तुझ्या बिलाच्या फोटोत बघितलं तर लक्षात आलं की त्यांनी वीज आकाराच्या पहिल्या ओळीतला, ० ते १०० युनिटवाला दर उचललाय. त्याच्या खाली वहन आकार वेगळा आहे तो सोडला, आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क लागतं तेही सोडलं. पण मोठी चूक ती नाही. मोठी चूक म्हणजे पहिली ओळ धरली हीच.

महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण वाचवलेलं युनिट कुठल्या टप्प्यातून कमी होतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. समज तुझ्या भाजीवाल्याने सांगितलं की पहिले पाच किलो कांदे ३० रुपयांनी आणि त्याच्या वरचे ६० रुपयांनी. तू सात किलो घेत होतीस आणि आता सहाच घेतलेस, तर वाचले किती? ३० नाही, ६० वाचले, कारण कमी झालेला किलो वरच्या भावाचा होता. विजेचं तसंच आहे. तुझं मे महिन्याचं बिल १७२ युनिटचं आहे, म्हणजे १०० खालच्या दराने आणि ७२ वरच्या दराने. पंख्याने सहा युनिट वाचवले तर ते त्या ७२ मधून जाणार. वीज आकार आणि वहन आकार मिळून खालच्या टप्प्याचे साधारण ६ रुपये होतात आणि वरच्या टप्प्याचे साधारण ११, त्यावर १६ टक्के शुल्क चढवलं की अंदाजे ७ आणि १३. हे मी हिशोबासाठी गोल केलेत, नियामक आयोगाची नवी ऑर्डर आली की दर बदलतात, इंधन समायोजनाचे पैसेही महिन्याप्रमाणे हलतात, त्यामुळे तुझ्या ताज्या बिलातलेच आकडे घे.

दुकानदाराचे १० रुपये कुठून आले तेही सापडलं. तुझं बिल १७६५ चं, त्याला १७२ ने भागलं तर सव्वादहा येतात, ही सरासरी. सगळे लोक असंच करतात, मीही कितीतरी वर्षं असंच करायचे. पण त्या सरासरीत स्थिर आकार पण मिसळलेला असतो, जो पंखा बदलला काय न बदलला काय, तेवढाच येणार, आणि वरचा टप्पा खालच्यात मिसळून पातळ होतो. त्यामुळे सरासरी या हिशोबात कामाची नाही. तुझ्या घरात उन्हाळ्यात वाचलेल्या युनिटची किंमत १३ आहे, १० नाही आणि साडेचार तर नाहीच नाही.

मग आता बेडरूम. तू लिहिलं नाहीस पण रात्री दहा ते सकाळी सहा-साडेसहा आणि दुपारी थोडा वेळ असं मी १० तास धरते. २२ गुणिले १० गुणिले ३० भागिले हजार, ६.६ युनिट, गुणिले १३, साधारण ८६ रुपये महिना. १३०० ला ८६ ने भागलं तर पंधरा महिने. इथे थांबायचा मोह होतो पण थांबू नकोस, कारण हा मे महिन्याचा हिशोब झाला आणि वर्षात बाकीचे अकरा महिने पण असतात.

तुझ्या बिलाच्या कोपऱ्यात मागच्या वर्षभराच्या युनिटचे उभे दांडे छापलेत ते बघ. मार्च ते ऑक्टोबर सगळे दांडे शंभराच्या वर आहेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र नव्वद-पंच्याण्णव. म्हणजे ते चार महिने तू वरच्या टप्प्यात जातच नाहीस, तेव्हा वाचलेल्या युनिटला ७ रुपयेच मिळतात. आणि डिसेंबर-जानेवारीत खाडीकडून वारं यायला लागलं की रात्री पंखा एकावर असतो नाहीतर बंद, ते दोन महिने मी शून्य धरते. मग वर्षाचं गणित असं होतं: आठ महिने ८६ प्रमाणे ६८८, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचे ४६ प्रमाणे ९२, एकूण ७८०. तेराशे भागिले ७८०, एक वर्ष आठ महिने. वीस महिने!

आणखी एक पर्याय आहे जो दुकानदार कधीच सांगणार नाही, वायंडिंग. आमच्या बाबांचं ठाण्यात स्टेशनजवळ वायंडिंगचं छोटं दुकान होतं, मी शाळेतून आले की तिथेच गृहपाठ करायचे, वार्निशचा वास अजून नाकात आहे, त्यामुळे जळलेला पंखा म्हणजे टाकून द्यायचा पंखा असं मला कधीच वाटत नाही. तुमच्याकडे साडेचारशेला वायंडिंग करून मिळत असेल तर मग तुलना बदलते: एका बाजूला ४५० रुपयांत पुन्हा तोच ७५ वॅटचा पंखा, दुसऱ्या बाजूला २९००. आता किमतीतला फरक २४५० आणि वॅटमधला फरक खरंच ४५, इथे दुकानदाराचा ४५ चालतो. महिन्याला साडेतेरा युनिट, वर्षाचे साधारण १५९० रुपये, आणि पैसे फिटायला अठरा-एकोणीस महिने. म्हणजे वायंडिंग आज स्वस्त दिसतं पण दीड-पावणेदोन वर्षांत ते १६०० वाल्यासारखंच महाग पडतं. बाबांच्या धंद्याविरुद्ध लिहितेय, पण आहे हे असं आहे. इलेक्ट्रिशियनचे बसवायचे पैसे मी इथे धरले नाहीत कारण कुठलाही पंखा लावलास तरी ते लागणारच.

हॉलच्या पंख्याला मात्र ते धरावे लागतात. तिथे चालू पंखा उतरवायचाय, म्हणजे फरक १३०० चा नाही, अख्खे २९०० आणि वर बसवायचे अडीचशे, ३१५०. ऐकल्यावर वाटतं नकोच. पण सासूबाई दिवसभर घरी असतात म्हणजे हॉलचा पंखा सकाळी सातला लागतो तो रात्री जेवणं होईपर्यंत, मधे भाजी आणायला गेल्या तेवढा बंद, १४ तास सहज. ४५ वॅट, १४ तास, महिन्याला जवळजवळ १९ युनिट, २४६ रुपये. भाबड्या हिशोबाने तेरा महिने.

इथे एक मेख आहे, रेग्युलेटर. ७५ आणि ३० हे दोन्ही आकडे फुल स्पीडचे आहेत, आणि हॉलमध्ये पावसाळ्यात पंखा पाचावर कोण ठेवतं, तीनवर असतो. तीनवर दोन्ही पंखे कमी खातात म्हणून फरकही कमी होतो. किती कमी होतो ते मी अंदाजाने सांगत नाही, मोजून सांगते, आणि तूही मोजू शकतेस, फुकटात.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिज, वायफाय, टीव्हीचा स्टँडबाय, चार्जर, सगळं, आणि दिवा दोन-तीन मिनिटं थांबलेला आहे ना ते आधी बघायचं, नाहीतर कुठेतरी काहीतरी चालू राहिलंय. मग फक्त एक पंखा लावायचा आणि दहा मिनिटं लुकलुक मोजायची. आमच्या मजल्यावर मीटर खाली जिन्याजवळ आहेत, मी पाटावर बसून मोजत होते आणि वॉचमन विचारत होता मॅडम कंप्लेंट करायचीये का. माझ्या जुन्या पंख्याने पाचावर ४० लुकलुकी दिल्या. दहा मिनिटांत ४०, म्हणजे तासाला २४०, भागिले ३२००, ०.०७५ युनिट, म्हणजे बरोब्बर ७५ वॅट. तीनवर २३ आल्या, ४३ वॅट. बीएलडीसीने पाचावर १६ आणि तीनवर ७, म्हणजे ३० आणि १३. तर तीनवरचा फरक ३० वॅट. तुझ्या मीटरवर `1600` किंवा दुसरा काही आकडा असेल तर ३२०० च्या जागी तो घाल. आणि तुमच्याकडे अजून तो जुना चौकोनी डब्यासारखा गरम होणारा रेग्युलेटर असेल तर तो पंखा हळू करतो पण वाचलेली वीज स्वतःच गरम होण्यात घालवतो, तेव्हा तुझा फरक माझ्यापेक्षा जास्त येईल. हातात घड्याळ घेऊन मोजच.

आता हॉलचं वर्ष. मार्च ते जून आणि ऑक्टोबर हे पाच महिने फुल, २४६ प्रमाणे १२३०. जुलै ते सप्टेंबर तीनवर, महिना १६४, ४९२ झाले. नोव्हेंबर-फेब्रुवारी तीनवर आणि दर ७, दोन्ही मिळून १७६. डिसेंबर-जानेवारी सोडून दिले. बेरीज १८९८, म्हणजे ३१५० फिटायला परत वीस महिनेच. बघ ना, एक जळलेला पंखा आणि एक ठणठणीत चालणारा, एकाला १३०० द्यायचेत आणि एकाला ३१५०, आणि उत्तर सारखंच येतंय, कारण हॉलचा पंखा चौदा तास फिरतो. मी तर म्हणेन दोन्ही बदल. पण एक गोष्ट लक्षात ठेव, दोन्ही बदललेस की महिन्याचे पंचवीसेक युनिट कमी होतील, मग मार्चमध्ये ११० चं बिल येणार असेल तर ते ८५ वर येईल, म्हणजे त्यातले दहाच युनिट १३ चे आणि बाकीचे ७ चे. त्यामुळे दोन्हीचे मिळून वीसचे बावीस महिने होतील एवढी तयारी ठेव.

किचनच्या पंख्याला हात लावू नकोस. दिवसाला दोन तास, महिन्याला २.७ युनिट, ३५ रुपये, म्हणजे ३१५० फिटायला साडेसात वर्षं लागतील, आणि ते पण बारा महिने उन्हाळा धरून.

साडेसात वर्षं वाईट का, तर बीएलडीसीच्या आत एक सर्किट बोर्ड असतो आणि तो साध्या पंख्यासारखा आडदांड नसतो. माझा स्वतःचा अनुभव सांगते. बेडरूमला लावलेला पंखा दोन वर्षं छान चालला, वॉरंटी दोन वर्षांची, आणि सव्विसाव्या महिन्यात जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली-आली गेली-आली असं चालू होतं त्या रात्री तो बंद पडला तो पडलाच. बोर्ड गेला म्हणाले, ८५० रुपये. माझी बचत महिन्याला सरासरी ६५ ची होती, तेव्हा ८५० म्हणजे आणखी तेरा महिने, म्हणजे वीसचे तेहतीस झाले! तेव्हापासून मी किमतीच्या आधी वॉरंटी बघते, आणि ती मोटरवर वेगळी आणि बोर्डावर वेगळी आहे का ते नीट वाचते, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात मोटरची पाच वर्षं असतात आणि बोर्डाचं आत बारीक अक्षरात. तुझे वीस महिने वॉरंटीच्या आत बसले पाहिजेत, एवढी एकच अट घाल. तीनशे रुपये जास्त देऊन बोर्डावर तीन वर्षं मिळत असतील तर दे, फिटायला चार-पाच महिने जास्त लागतील पण झोप लागेल.

आणि बसवताना इलेक्ट्रिशियनला सांग की भिंतीवरचा जुना रेग्युलेटर बायपास कर. बीएलडीसीचा स्पीड त्याच्या रिमोटने कमी-जास्त होतो, जुन्या रेग्युलेटरमधून सप्लाय दिला आणि कुणी सवयीने तो फिरवला की पंखा गचके खातो आणि बोर्डाचं आयुष्य कमी होतं. सासूबाईंना रिमोट सापडत नाही हा वेगळा विषय, त्याला भिंतीवर अडकवायचा स्टँड मिळतो.

बल्बचं थोडक्यात सांगते. तुमच्याकडे सगळे एलईडीच असतील तर चालू एलईडी काढून जास्त स्टारचा लावण्यात काही अर्थ नाही. सारख्याच उजेडाला एक ९ वॅट घेतो आणि चांगला ८ घेतो, एका वॅटचा फरक, पाच तास रोज, महिन्याला दोन रुपये वाचतात. साठ रुपये जास्त दिलेस तर अडीच वर्षं. बल्बमध्ये मी स्टारपेक्षा ल्युमेनचा, म्हणजे उजेडाचा, आकडा बघते, ९ वॅटला ९०० च्या आसपास असावा, आणि खोक्यावर तारीख लिहून बिल जपून ठेवते, कारण वॉरंटीत बदलून मिळतो आणि कोणी बदलायला जात नाही. स्टेशनबाहेर टोपलीत पन्नासला मिळतात त्यावर ल्युमेन छापलेलेच नसतात, ९ वॅट लिहिलेलं असतं आणि उजेड पाचाचा असतो, मग वीज कमी खातो हे खरं, पण अंधार पण मिळतो.

पण एका फोटोत मागे तुमचं देवघर दिसतंय आणि त्यात लाल झिरोचा बल्ब. तो काचेचा जुना आहे, तार पेटणारा. झिरो म्हणतात म्हणून सगळ्यांना वाटतं तो काही खातच नाही, पण तो १५ वॅटचा असतो, आणि देवघरात असल्यामुळे चोवीस तास. १५ गुणिले २४ गुणिले ३०, महिन्याला १०.८ युनिट, म्हणजे तुझ्या त्या २९०० च्या बेडरूमच्या पंख्याने वाचवलेल्या ६.६ पेक्षाही जास्त! विश्वास बसला नाही तर मीटरजवळ पाट घेऊन बस, दहा मिनिटांत आठ लुकलुकी येतील. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट बल्ब पन्नास रुपयांना मिळतो, त्याच होल्डरमध्ये बसतो, दिवसाला साडेचार रुपये वाचवतो, आणि त्याचे पैसे अकरा दिवसांत फिटतात.

पंखे आणायला जाल तेव्हा तोही घेऊन ये, फक्त रंग सासूबाईंना विचारून घे. मी न विचारता पांढरा आणला होता, तो अजून ड्रॉवरमध्ये पडलाय.